ते वाक्य कुणाचं होतं

दुभाषीच्या कामाचा पहिला नियम असा, की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'ती म्हणते, तिचं पोट दुखतं' असं नाही. 'माझं पोट दुखतं.' भुवईनं हा नियम अकरा वर्षं पाळला होता. त्या अकरा वर्षांत ती चोरीचा आळ आलेला माळी झाली होती, घटस्फोट मागणारी शिक्षिका झाली होती, आणि एका आजोबांच्या वतीनं तिनं बँकेच्या मॅनेजरला चार सणसणीत शिव्याही हासडल्या होत्या. शब्दाला शब्द, न लाजता. एकही वाक्य गाळलं नव्हतं, एकही पदरचं घातलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

भुवई हे तिचं खुणेचं नाव. कर्णबधिर माणसं नाव उच्चारून हाक मारत नाहीत. माणसाचं एखादं लक्षण उचलतात आणि त्याची खूण करतात. तिची उजवी भुवई बोलता बोलता वर जायची, म्हणून ती भुवई. आईवडील दोघेही कर्णबधिर, त्यामुळे ही भाषा ती बोलायला शिकण्याच्या आधीच शिकली होती.

त्या दिवशी काम होतं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात. पेशंट सत्तावीस वर्षांची, बेकरीत केक सजवणारी, खुणेचं नाव खळी. हसली की डाव्या गालाला खळी पडायची, पण त्या सकाळी ती हसत नव्हती. सोबत तिची थोरली बहीण होती. सगळे तिला ताईच म्हणत.

"आजवर मीच येत होते हिच्याबरोबर," ताई बाहेरच्या बाकावर भुवईला म्हणाली. तिला हे थोडं लागलेलं दिसत होतं. "घरच्या खुणा मला सगळ्या येतात. पण या डॉक्टरबाईंनी फोनवरच सांगितलं, दुभाषी आणणार असाल तरच या. आता तुम्हीच सांगा, सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त काय सांगणार आहे कुणी?"

भुवईनं नुसतं हसून मान हलवली. हे वाक्य तिनं शंभरदा ऐकलं होतं.

आत गेल्यावर तिनं खुर्ची डॉक्टरांच्या शेजारी, किंचित मागे ओढली, म्हणजे खळीला डॉक्टर आणि दुभाषी एका नजरेत दिसाव्यात. डॉक्टर पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी खळीकडेच बघून विचारलं, "काय त्रास होतो? अगदी पहिल्यापासून सांगा. मला घाई नाही."

खळीचे हात सुरू झाले आणि भुवईचा आवाज सुरू झाला.

"मी चौदा वर्षांची असल्यापासून दुखतंय. पाळीच्या आदल्या दिवशी सुरू होतं आणि तीन दिवस राहतं. शाळेत मी दर महिन्याला दोन दिवस गैरहजर असायचे. सगळे म्हणायचे, बायकांचं असंच असतं. मी म्हटलं, असेल. बाकीच्या मुली माझ्याहून धीराच्या असतील."

"अजून?"

"पोट फुगतं. गरोदर असल्यासारखं. म्हणून गॅसच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडातून दुर्बीण घातली, काही सापडलं नाही. लघवीला जळजळ होते म्हणून चार वेळा गोळ्यांचा कोर्स झाला, पण तपासणीत जंतू एकदाही निघाले नाहीत. सोनोग्राफी दोनदा झाली. नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी लिहिलं, मानसिक ताण."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना दुखतं?"

खळी क्षणभर थांबली. तिनं ताईकडे बघितलं, मग भुवईकडे. मग तिचे हात पुन्हा चालू लागले, आता जरा जोरात.

"हो. आतून सुरी फिरवल्यासारखं. मी दरवाजाची कडी धरून बसते. त्या तीन दिवसांत मी जेवतच नाही, म्हणजे जावंच लागू नये."

"आणि नवऱ्याबरोबर संबंध येतात तेव्हा?"

"आत खोलवर दुखतं. नंतर दोन-दोन दिवस ठणकतं. मी त्याला सांगते, दमलेय. तो चांगला आहे, विचारत नाही. तो विचारत नाही म्हणून मी सांगत नाही. आणि..."

इथे भुवईचा आवाज अडखळला.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच. खळीचे हात पुढे गेले होते आणि ती मागे राहिली होती. तिनं खुणेनंच सांगितलं, पुन्हा सांग. खळीनं पुन्हा सांगितलं, आणि भुवई म्हणाली, "आणि मला वाटतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

ताई खुर्चीत ताठ झाली होती. "हे मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली, "म्हणजे हिनं खुणा केल्या होत्या. पण डॉक्टरांसमोर असलं कसं बोलायचं? मी आपलं 'पोट दुखतं' एवढंच सांगायचे. पोटच तर दुखतंय, म्हटलं."

नियमाप्रमाणे भुवईनं हेही खळीला खुणांनी सांगितलं. खळीनं बहिणीकडे असं बघितलं की ताईनं पर्स उघडून उगाच काहीतरी शोधायला घेतलं.

"त्यांना रागावू नका," डॉक्टर खळीला म्हणाल्या. "ज्यांना नीट ऐकू येतं, नीट बोलता येतं, त्या बायकाही माझ्याकडे सात-सात, आठ-आठ वर्षांनी येतात. घरचे म्हणतात, पाळी म्हणजे दुखणारच. पोट फुगतं ते गॅसवाल्याकडे जातं, लघवी दुसऱ्याकडे, कंबर तिसऱ्याकडे. प्रत्येक जण आपापला तुकडा बघतो. शौचाचं आणि संबंधांचं कुणी विचारत नाही, आणि न विचारता बाई सांगत नाही. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. साध्या सोनोग्राफीत हा आजार बऱ्याचदा दिसतच नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पोट नॉर्मल असं नसतं."

मग त्यांनी खळीला विचारून, पडद्याआड घेऊन तपासलं. भुवई उशाशी उभी राहिली, खळीला तिचे हात दिसतील अशी. गर्भाशयाच्या मागच्या बाजूला बोट लागताच खळीनं श्वास ओढला. "इथे?" डॉक्टरांनी विचारलं. खळीनं नुसते डोळे मिटून उघडले.

"माझा अंदाज एंडोमेट्रिओसिसचा आहे," परत बसल्यावर डॉक्टर म्हणाल्या.

या शब्दासाठी रूढ खूण नव्हती. भुवईनं अक्षरं एकेक करून बोटांवर दाखवली, आणि मग डॉक्टर सांगत गेल्या तसं ती ते हवेत उभं करत गेली. एका मुठीचं गर्भाशय. त्याच्या आतलं अस्तर. तसलंच अस्तर बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ, मूत्राशयावर, बोटांनी शिंपडल्यासारखं ठिकठिकाणी रुजलेलं. महिना भरला की तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. मग सूज, मग चट्टे, मग एक अवयव दुसऱ्याला चिकटलेला. दोन तळवे एकमेकांना चिकटून सुटत नाहीत, असं तिनं दाखवलं. "कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण खोटं दुखणंही नाही. तुम्ही धीराच्या नाही असं कुणी म्हटलं असेल तर विसरून जा. तेरा वर्षं कडी धरून बसायला फार धीर लागतो."

खळी रडेल असं भुवईला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "मग आता काय?"

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, हार्मोनची गोळी. रोज एक, ठरलेल्या वेळी, मध्ये खंड न पाडता. पाळी थांबते किंवा अगदी कमी होते, ते बाहेरचं अस्तर झोपी जातं. पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात, डोकं दुखू शकतं, वजन थोडं वाढू शकतं, मन उदास होऊ शकतं. फारच उदास वाटलं तर लगेच कळवायचं. गोळी चालू आहे तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत, पण ही गोळी गर्भनिरोधक म्हणून दिलेली नसते, तेव्हा ती काळजी वेगळी घ्यायची. आणि गोळी रोग झोपवते, उपटून काढत नाही. बंद केली की बऱ्याच जणींचं दुखणं परत येतं.

दुसरा रस्ता, दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पूर्ण भूल, पोटाला तीन-चार बारीक भोकं, दिसेल तो रोग कापून काढायचा, तुकडे तपासायला पाठवायचे. खात्री होते, अनेकींना चांगला आराम पडतो. पण आतडं, मूत्रनलिका जवळ असतात, त्यांना इजा होण्याचा धोका थोडा का होईना असतो. आणि कापलं म्हणजे कायमचं गेलं असं नाही. काही वर्षांत पुन्हा उगवू शकतं, म्हणून मूल नको असेल तर नंतरही गोळी द्यावी लागते.

"ऑपरेशनच करून टाका," ताई म्हणाली. "एकदाचा सोक्षमोक्ष."

"सोक्षमोक्ष दोन्हीत नाही, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आधी ऑपरेशन करून खात्री करूनच औषध द्यायचं, असंही आता राहिलेलं नाही. यांना मूल कधी हवंय, त्यावर बरंच अवलंबून आहे."

"लग्न झालं की बरं होईल म्हणाली होतीस ना तेव्हा?" खळीचे हात ताईकडे वळले. "झालं लग्न. आता म्हणशील मूल झालं की बरं होईल."

"तेही औषध नव्हे," डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. "मूल हवं म्हणून व्हावं, उपचार म्हणून नाही."

खळीनं फार वेळ घेतला नाही. तीन महिन्यांनी ती आणि तिचा नवरा स्वतःची छोटी बेकरी उघडणार होते. नवरा सुतार; काउंटर त्यानंच बनवला होता. मूल तीन वर्षं तरी नको होतं. "ऑपरेशन पळून जात नाही," ती म्हणाली. "आधी गोळी."

बाहेर व्हरांड्यात ताई औषधांच्या दुकानाकडे गेली, तेव्हा खळीनं भुवईला खांद्यावर टिचकी मारून थांबवलं.

"तू मध्ये थांबलीस."

"माफ कर. तुझा हात दिसला नाही नीट."

खळीनं मान हलवली. "खोटं. तुझी भुवई खाली आली होती. मी सबंध वेळ तुझ्याच तोंडाकडे बघत होते, दुसरं काय करणार? 'दमलेय' म्हणालीस तेव्हा ते वाक्य माझं नव्हतं. तुझं होतं."

भुवईनं घड्याळ बघितलं आणि निघायची खूण केली. कामाच्या ठिकाणी स्वतःबद्दल बोलायचं नाही, हाही नियमच होता, आणि आज पहिल्यांदाच तो तिच्या सोयीचा निघाला.

घरी परतताना ती दोन स्टॉप आधीच उतरून चालत गेली. बाविसाव्या वर्षी तिचं अपेंडिक्स काढलं होतं. काढल्यावर सर्जन म्हणाले होते, तसं काही सुजलेलं नव्हतं हो. पाळीच्या तीन दिवसांत ती कोर्टाचं काम घेत नसे; तिथे चार तास उभं राहावं लागतं. कॅलेंडरवर त्या तारखांना ती बारीक टिंब काढायची. ऑफिसात वाटायचं, बाईला कोर्ट आवडत नाही. डावी मांडी भरून यायची ती उभ्यानं काम करून, असं तिनंच स्वतःला पटवलं होतं. फॅमिली डॉक्टर दर वेळी म्हणायचे, ताण आहे. दीड वर्ष मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू होते. आणि 'दमलेय' हा शब्द तर घरात इतका झाला होता, की नवरा आता न विचारताच चहा आणून द्यायचा. काखेत कळसा म्हणतात तो हाच, तिला वाटलं. जगाची दुखणी मोठ्यानं बोलून दाखवायची, आणि आपल्या दुखण्याला एक टिंब.

दोन आठवड्यांनी ती त्याच डॉक्टरांकडे गेली. यावेळी पेशंटच्या खुर्चीत.

"आज कुणाचं बोलणार आहात?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझंच," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. न गाळता. आपलं 'मी' तोंडातून काढायला पहिली दोन वाक्यं फार जड गेली, मग बोलणं सुरळीत चाललं.

यावेळी सोनोग्राफी वेगळी झाली. याच आजाराचा सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टनं, योनिमार्गातून, अर्धा तास. रेडिओलॉजिस्ट बाई अंडाशय हलकेच ढकलून बघत होती, कोण कुणावरून सरकतं आणि कोण अडकतं. दोन्ही मूत्रपिंडंही बघितली. मूत्रनलिका दबली तर मूत्रपिंड कुरकुर न करता बिघडतं, म्हणाली. ती ठीक होती. पण डाव्या अंडाशयात पाच सेंटिमीटरची गाठ होती आणि ते अंडाशय गर्भाशयाच्या मागे चिकटून बसलं होतं.

"याला आम्ही चॉकलेट सिस्ट म्हणतो," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाल्या. "जुनं रक्त साचून घट्ट, तपकिरी होतं म्हणून."

"ज्यानं हे नाव ठेवलं, त्याला पाळी येत नसणार," भुवई म्हणाली. डॉक्टर खळखळून हसल्या.

पुढच्या भेटीला तिचा नवरा सोबत होता. तो वायरमन, खिशात कायम टेस्टर. दवाखान्यात तो खुर्चीच्या अगदी काठावर बसला. त्याचीही तपासणी झाली होती, ती व्यवस्थित होती. तिच्या अंडाशयांत बीजांचा साठा किती शिल्लक असावा याची रक्ततपासणी झाली होती. चौतिसाव्या वर्षाच्या मानानं बरी.

"माझ्यासाठीही तेच दोन रस्ते?" भुवईनं विचारलं.

"रस्ते तेच, पण तुम्ही दुसऱ्या ठिकाणी उभ्या आहात," डॉक्टर म्हणाल्या. "गोळीनं तुमचंही दुखणं कमी होईल. पण गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात, आणि बंद केल्यावर दिवस राहण्याची शक्यता गोळीमुळे वाढलेली असते, असंही नाही. नुसता वेळ जातो. शस्त्रक्रियेनं चिकटलेलं सोडवता येईल, दुखणं कमी होईल, आणि आपोआप दिवस राहण्याची शक्यता सुधारू शकते. पण गाठ सोलून काढताना थोडी चांगली बीजंही जातात. ती परत येत नाहीत. तिसरं, थेट टेस्ट ट्यूबकडे जाणं. त्यासाठी गाठ काढायलाच हवी असं नाही, पण मग दुखणं तसंच राहतं."

"म्हणजे काहीही केलं तरी काहीतरी द्यावं लागणार," नवरा म्हणाला.

"हो. काय द्यायचं ते त्यांनी ठरवायचं."

दवाखान्याबाहेर त्यानं खिशातला टेस्टर काढून हातात फिरवला. मग म्हणाला, "मला विचारशील तर गोळी घे. पोटात हत्यारं घालणं मला नको वाटतं."

"तुला नको वाटतं. पोट माझं आहे."

"हो, पण भीती माझी आहे ना." त्यानं टेस्टर खिशात परत ठेवला. "आणि एक सांगू? मला राग आलाय. तुझा नाही. सहा वर्षं तू दमलेय म्हणायचीस आणि मी चहा करायचो. लोकांच्या घरी फ्यूज उडाला की मी आधी वायर तपासतो. घरात मात्र नुसता फ्यूज बदलत बसलो."

"मी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. "फिट्टंफाट. आता चहा मी करते, तू यादी कर."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं प्रश्न लिहायला घेतले. मुंग्यांसारखे निघत गेले. पुढच्या भेटीत तिनं ते एकेक विचारले, जसे ती कोर्टात साक्षीदाराचे शब्द एकेक मांडायची. तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया करता? रोग जाळता की कापून काढता? आतडं गुंतलं असेल तर कोण असेल? अंडाशय काढून टाकण्याची वेळ आली तर? डॉक्टरांनी उत्तरं दिली. त्या कापून काढत. आतडं मोकळं सरकत होतं, तरी त्या दिवशी आतड्याचे सर्जन इमारतीत असतील. अंडाशय काढणार नाहीत. तशी परवानगीच तिनं देऊ नये. भुवईनं संमतीपत्रावर तसं स्वतःच्या हातानं लिहिलं.

"शस्त्रक्रिया," ती म्हणाली. "मला दोन्ही हवंय. कोर्टात उभं राहणं आणि मूल. थोडी बीजं गेली तर गेली."

तिच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात खळीची तीन महिन्यांची तपासणी आली. काम भुवईकडेच होतं. खळी रागात होती.

"तीन महिने डाग लागतायत. रोज. बेकरीत पांढरा कोट घालते मी! डोकं जड. दोनदा गोळी बंद करायला निघाले होते."

"का केली नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

खळी जरा खजील झाली. "कारण मागच्या महिन्यात मी तीनही दिवस जेवले."

डॉक्टर म्हणाल्या, डाग सहसा हळूहळू कमी होतात, अजून तीन महिने बघू. मन कसं आहे, झोप कशी आहे, ते सविस्तर विचारलं. नाहीच सोसलं तर दुसरी औषधं आहेत, आणि शस्त्रक्रियेचा रस्ता कुणी बंद केलेला नाही. खळीनं आणखी तीन महिने कबूल केले.

ताई यावेळी आत आली नाही. ती बाहेर बाकावर थांबली होती, आणि भुवई निघाली तशी तिनं तिची बाही धरली. "ऐका ना. मला त्या खुणा शिकवाल?"

"कोणत्या?"

ताईनं व्हरांड्यात दोन्हीकडे बघितलं आणि कुजबुजली, "त्याच हो. शौचाची. आणि... ती दुसरी. मला येतात त्या घरच्या, अर्धवट. हिला पुढे कधी काही सांगायचं असेल, तर मला समजायला तरी हवं."

भुवईनं त्या खुणा तिथेच शिकवल्या. दुसऱ्या खुणेला ताईचे कान लाल झाले. शेजारच्या बाकावरची म्हातारी डोळे बारीक करून बघत राहिली, आणि खळी भिंतीला टेकून पोट धरून हसत होती.

शस्त्रक्रियेला अडीच तास लागले. भुवईला जाग आली तेव्हा घसा कोरडा होता आणि उजवा खांदा दुखत होता. नर्स म्हणाली, पोटात भरलेल्या वायूमुळे, एक-दोन दिवसांत जाईल. पलंगाजवळ नवरा होता, आणि तिची आई. डॉक्टर आल्या आणि नवऱ्याला सांगू लागल्या, "गाठ पूर्ण निघाली. अंडाशय सोडवलंय, जागेवर आहे. मागच्या बाजूला दोन चट्टे होते, ते कापले. आतड्याला हात लावावा लागला नाही."

भुवईचे हात चादरीवरून आपोआप उचलले गेले. आईला सांगायला. पहिलीच खूण अर्ध्यात असताना आईनं तिची दोन्ही मनगटं धरली आणि खाली ठेवली.

"आज नको," आई म्हणाली. "लहानपणापासून माझे डॉक्टर, माझी बँक, माझी भांडणं तू बोललीस. आज तू नुसती पडून राहा."

दारात भुवईचा सहकारी दुभाषी उभा होता, खुणेचं नाव मिशी. त्याला आईनंच निरोप धाडून बोलावलं होतं. तो पुढे आला आणि डॉक्टरांचं वाक्य न् वाक्य आईला सांगू लागला. भुवई पडून बघत राहिली. एका ठिकाणी त्यानं 'चट्टे'ची खूण चुकीची केली, ती सुधारायला तिचं बोट वळवळलं. आईनं ते बोटही दाबलं.

दहा दिवसांनी तुकड्यांचा रिपोर्ट आला. एंडोमेट्रिओसिस. तिनं तो दोनदा वाचला. बावीस वर्षांच्या मुलीचं ठीकठाक अपेंडिक्स ज्यांनी काढलं त्यांचा तिला राग यायला हवा होता, पण आलं ते हसू. मग थोडं रडू. मग तिनं रिपोर्टची एक प्रत आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांना पोचवली, वर चिठ्ठी लावून: 'ताण नव्हता. पुढच्या बाईला शौचाचं विचारा.' त्यांचा फोन आला. भले गृहस्थ होते. म्हणाले, "विचारीन. आजच सकाळी एक मुलगी येऊन गेली, तिला पुन्हा बोलावलंय."

खळी सहा महिन्यांच्या तपासणीला आली तेव्हा डाग थांबले होते. वजन दोन किलो वाढलं होतं. त्याला गोळी जबाबदार की बेकरी, यावर तिचं आणि डॉक्टरांचं एकमत झालं नाही. दुखणं दहापैकी नऊवरून तीनवर आलं होतं. "मी गोळीवरच राहते," ती म्हणाली. "मूल हवंसं वाटेल तेव्हा पुन्हा बोलू. तेव्हा कदाचित तुमच्या हत्यारांची पाळी." डॉक्टर म्हणाल्या, चालेल, दर सहा महिन्यांनी दाखवत जा.

काम संपल्यावर व्हरांड्यात खळीनं विचारलं, "आणि तू?"

आता भुवईनं सांगितलं. सगळं नाही, पण हातचं राखूनही नाही. पहिल्या पाळीला बरंच दुखलं होतं आणि ती घाबरली होती, दुसरीला कमी, तिसरीला एक साधी गोळी घेऊन काम केलं. दुखणं शून्यावर आलेलं नाही. मूल अजून नाही. डॉक्टरांनी सहा महिने दिलेत, तोवर नाही झालं तर टेस्ट ट्यूबवाल्यांकडे जायचं, कारण परत उगवायच्या आत वेळ वापरायचा. त्यानंतर जे होईल ते होईल. मुलासाठीचे प्रयत्न संपले की तीही गोळी सुरू करणार.

"म्हणजे शेवटी तूही माझ्याच रांगेत," खळी म्हणाली.

"तू माझ्या रांगेत येशील की आधी."

"बघू, कोण आधी येतं."

दुसऱ्या दिवशी पाळीचा दुसरा दिवस होता, आणि भुवईनं कोर्टाचं काम घेतलं होतं. भिंतीवरून भांडण होतं, दोन भाऊ, दोघेही कर्णबधिर, दोघेही हट्टी. सकाळी अकरापासून तीनपर्यंत ती उभी राहिली आणि दोघांच्याही वतीनं कडाकडा भांडली. दीडच्या सुमारास ओटीपोटात एक कळ आली. तिनं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं, कळ थोडा वेळ थांबली आणि गेली. न्यायाधीशांनी विचारलं, "दुभाषीबाई, विश्रांती हवी आहे का?"

"मला नको, साहेब," ती म्हणाली. "पण धाकट्या भावाला अजून बोलायचंय."